एकच कामगार, तीन कामं, तीन दर: आठवड्याचा पगार कसा काढावा

आमच्याकडे पगारपत्रक करून घेणाऱ्या टॉवेल, चादर आणि गारमेंट कारखानदारांसाठी माहितीपत्रक

सोलापुरातल्या लहान टॉवेल कारखान्यात एक कामगार आठवडाभर एकाच जागी बसेल असं नसतं. सकाळी शिलाई मशीनवर असलेली बाई दुपारी चेकिंगच्या टेबलावर जाते. गाडी लागली की तीच घडी आणि पॅकिंगला उभी राहते. तिन्ही कामांचे ताशी दर वेगळे असतात, आणि हजेरीच्या मस्टरवर मात्र फक्त "हजर" एवढंच लिहिलेलं असतं. शनिवारी पगाराला बसल्यावर वाद होतो तो इथूनच. हिशोब अवघड नाही, पण तो ठरावीक क्रमानेच करावा लागतो.

आधी दर, मग काम

प्रत्येक कामाचा ताशी दर काम सुरू होण्याआधी ठरलेला आणि कामगाराला माहीत असलेला हवा. शिलाईसाठी घेतलेल्या कामगाराला सूत किंवा माल नाही म्हणून पॅकिंगला बसवलं, आणि पॅकिंगचा वेगळा दर आधी लेखी ठरलेला नसेल, तर शिलाईचाच दर द्या. आठवडा संपल्यावर दर ठरवला तर तो कुणालाच पटत नाही.

कुठलाही दर त्या कामाच्या किमान वेतनाखाली जाता कामा नये. वेतन संहिता २०१९ च्या कलम ११ मध्ये हे स्पष्ट आहे: एकाच कामगाराने वेगवेगळ्या किमान दरांची दोन किंवा अधिक प्रकारची कामं केली, तर ज्या कामात जितका वेळ गेला तितक्या वेळाचं वेतन त्या कामाच्या किमान दरापेक्षा कमी असू नये. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमातही कलम १६ मध्ये हाच नियम होता. म्हणजे शिलाईचा दर चांगला आहे म्हणून पॅकिंगचा दर किमानाखाली ठेवून सरासरीत भरून काढता येत नाही. प्रत्येक काम स्वतंत्रपणे तपासायचं.

किमान वेतन महिन्याच्या रकमेत जाहीर होतं. त्यात मूळ वेतन आणि विशेष भत्ता दोन्ही धरा, २६ ने भागा म्हणजे दिवसाचा दर येतो, आणि त्याला ८ ने भागा म्हणजे ताशी दर येतो. समजा एखाद्या वर्गाची एकूण रक्कम १३,५२० रुपये आहे. मग दिवसाचे ५२० आणि तासाचे ६५ रुपये झाले. महाराष्ट्रात विशेष भत्ता १ जानेवारीपासून आणि १ जुलैपासून बदलतो. त्यामुळे डिसेंबरमध्ये बरोबर असलेला पॅकिंगचा दर जानेवारीत किमानाखाली गेलेला असू शकतो. वरच्या दराच्या कामाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, घसरतो तो नेहमी खालचा दर.

वेळ कामानुसार लिहा

मस्टरसोबत प्रत्येकाची एक रोजची चिठ्ठी ठेवा. तिच्यावर कामाचं नाव, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ आणि मुकादमाची सही एवढंच पुरे. काम बदललं की त्याच क्षणी नवी ओळ लिहायची. दिवस संपल्यावर आठवून लिहिलेल्या चिठ्ठीत सगळे आकडे पूर्ण तासांचे येतात. अशी चिठ्ठी दिसली की ती नंतर भरली आहे असं समजा.

एका कामाची शेवटची वेळ हीच पुढच्या कामाची सुरुवात धरा, मध्ये मोकळी जागा सोडू नका. शेडमधून पॅकिंगला जाण्याची पाच मिनिटंही कामाचीच आहेत. वीज गेली, सुई तुटली, माल यायचा राहिला आणि कामगार जागेवर थांबला, तर तो वेळ ज्या कामावर तो होता त्याच कामात धरायचा. जेवणाची सुट्टी तेवढी वजा करायची.

मिनिटांचा फसवा दशांश

आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये सगळ्यात जास्त चुका इथे असतात. पाच तास पंधरा मिनिटं म्हणजे ५.१५ तास नव्हेत, ५.२५ तास. मिनिटांना ६० ने भागायचं: १५ मिनिटं म्हणजे ०.२५, ३० म्हणजे ०.५०, ४५ म्हणजे ०.७५. दोन तास पंचेचाळीस मिनिटं कॅल्क्युलेटरवर २.४५ म्हणून मारली, तर कामगाराची अठरा मिनिटं गेली.

एक्सेलमध्ये वेळ 5:15 अशी टाकलीत तर घोळ वेगळा होतो. एक्सेल ती दिवसाचा अंश म्हणून साठवतं. त्याला थेट ९० च्या दराने गुणलं तर ४७२.५० ऐवजी १९.६९ येतात. म्हणून आधी २४ ने गुणा. B2 मध्ये वेळ आणि C2 मध्ये दर असेल तर:

```
=B2*24*C2
```

बेरजेच्या रकान्याला `[h]:mm` हे स्वरूप द्या. नाहीतर चोवीस तासांवरची बेरीज पुन्हा शून्यापासून सुरू झाल्यासारखी दिसते, आणि साडेएकोणतीस तासांऐवजी साडेपाचच दिसतात.

एक पूर्ण आठवडा

शिलाई ९० रुपये तास, चेकिंग ८० रुपये, घडी-पॅकिंग ७० रुपये. हे दर फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत. रोजचे नेहमीचे तास ८, आठवड्याचे ४८. जेवणाची सुट्टी आधीच वजा केलेली आहे.

| वार | शिलाई | चेकिंग | पॅकिंग | एकूण |
|---|---|---|---|---|
| सोम | ८ | – | – | ८ |
| मंगळ | ५.२५ | २.७५ | – | ८ |
| बुध | ४ | – | ४ | ८ |
| गुरू | ६ | २ | २ | १० |
| शुक्र | ५.२५ | २.७५ | – | ८ |
| शनि | १ | ४.५ | ३.५ | ९ |
| बेरीज | २९.५ | १२ | ९.५ | ५१ |

आडवी आणि उभी बेरीज दोन्हीकडून ५१ यायलाच हवी. येत नसेल तर पुढे जाऊ नका, एखाद्या चिठ्ठीत वेळ दोनदा धरली गेली आहे किंवा सुटली आहे.

पहिली पायरी: सगळे तास, ओव्हरटाइमचेसुद्धा, आपापल्या कामाच्या साध्या दराने गुणा. शिलाईचे २,६५५, चेकिंगचे ९६० आणि पॅकिंगचे ६६५ मिळून ४,२८० रुपये होतात.

दुसरी पायरी: ओव्हरटाइम शोधा. गुरुवारी आठ तासांवर दोन तास पॅकिंगचे झाले, शनिवारी आठ तासांवर एक तास शिलाईचा. एकूण तीन तास. ते दिवसावरून धरले असतील तर आठवड्याच्या ४८ च्या वरचे म्हणून पुन्हा धरायचे नाहीत, तेच तीन तास आहेत. उलट, ही बाई शुक्रवारी आली नसती तर आठवड्याचे तास ४३ च भरले असते, तरी गुरुवारचे दोन आणि शनिवारचा एक तास ओव्हरटाइमच राहिला असता. दिवसाच्या नेहमीच्या तासांपेक्षा जास्त काम केलं की ओव्हरटाइम लागू होतो, दुसऱ्या दिवशीच्या खाड्याने तो पुसला जात नाही.

तिसरी पायरी: ओव्हरटाइमचा दर नेहमीच्या दराच्या दुप्पट असतो. त्यातला एक पट आपण पहिल्या पायरीत दिलेलाच आहे, आता फक्त दुसरा एक पट द्यायचा आहे. पण कुठल्या दराने? वेतन संहितेचं कलम १४ दुप्पट म्हणतं, मिश्र कामासाठी वेगळं सूत्र त्यात दिलेलं नाही. आम्ही दोन आकडे काढतो. एक म्हणजे त्या तासाला चाललेल्या कामाचा दर. दुसरा म्हणजे आठवड्याची खरी सरासरी, ४,२८० भागिले ५१, म्हणजे ८३.९२ रुपये. दोन्हींतला जास्त असेल तो घेतो.

याचं कारण असं. ओव्हरटाइम बहुतेक वेळा गाडी भरण्याच्या घाईत, म्हणजे पॅकिंगलाच होतो. बाईचा बराचसा आठवडा शिलाईवर गेलेला असतो आणि जादा तासाचा मोबदला मात्र सगळ्यात खालच्या दराने निघतो. सरासरीने तो तिच्या खऱ्या कमाईला धरून राहतो. आणि जादा तास शिलाईचा असेल तर सरासरी धरल्याने तो दुपटीच्या खाली जाईल, म्हणून तिथे शिलाईचाच दर.

पॅकिंगचे दोन तास ८३.९२ ने १६७.८४, शिलाईचा एक तास ९० ने ९०. जादा रक्कम २५७.८४. एकूण ४,५३७.८४, म्हणजे ४,५३८ रुपये. पैसे वरच्या रुपयात पूर्ण करा. पगारपत्रकात ४,२८० आणि जादा रक्कम वेगवेगळ्या रकान्यात दाखवा, कामाचे तिन्ही दर आणि तासही पावतीवर येऊ द्या. कामगाराने स्वतःच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहिलं की शंका तिथेच मिटते.

याच आठवड्यात काय चुकू शकलं असतं

तीन दरांची साधी सरासरी ८० येते. तिने ५१ तास गुणले तर ४,०८० होतात, म्हणजे साध्या पगारातच २०० रुपये कमी. तिन्ही कामांना सारखाच वेळ गेला असेल तेव्हाच ही सरासरी खात्रीने बरोबर ठरते, एरवी तासांच्या वजनानेच काढावी लागते.

मिनिटांचा दशांश चुकला असता तर मंगळवारी ३३, शुक्रवारी ३३ आणि शनिवारी ३० असे ९६ रुपये गेले असते. रक्कम लहान वाटते, पण ही चूक दर आठवड्याला त्याच माणसाच्या पगारात होत राहते, कारण कामं बदलणाऱ्याच्याच चिठ्ठीवर अर्धे-पाव तास जास्त असतात.

मालकाचं नुकसान होतं ते उलट चुकीने: ४,२८० मध्ये तीन तासांचा एक पट आधीच असताना त्यावर पुन्हा दुप्पट मोजायची. तेव्हा ४,७९५.६८ येतात आणि त्या तासांना तिप्पट पैसे जातात. तपासायला सोपं आहे. ओव्हरटाइमची जादा रक्कम भागिले ओव्हरटाइमचे तास करा. उत्तर सगळ्यात वरच्या दरापेक्षा जास्त आलं, तर कुठेतरी दोनदा मोजलं गेलं आहे. इथे २५७.८४ भागिले ३ म्हणजे ८५.९५, ९० च्या आत, म्हणजे ठीक.

चिठ्ठ्या केव्हा द्याव्यात

पगार आठवड्याचा असेल तर तो साप्ताहिक सुट्टीच्या आधी, आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी द्यावा लागतो. सरासरी मात्र आठवडा पूर्ण झाल्याशिवाय निघत नाही. म्हणून सोमवार ते शुक्रवारच्या चिठ्ठ्या शुक्रवारी काम सुटताना आमच्याकडे पाठवा. त्यांच्या बेरजा त्याच संध्याकाळी तयार होतात. शनिवारची चिठ्ठी सुटायच्या अर्धा तास आधी फोटो काढून पाठवलीत आणि त्यानंतर कुणाचा वेळ वाढला तर तेवढं कळवलंत, की अंतिम रक्कम सुटण्याच्या वेळेपर्यंत हातात येते.