समुपदेशन सेवेची सूचना

संस्थेतील कर्मचारी, विद्यार्थी किंवा सदस्य यांच्यासाठी समुपदेशनाची सोय केली असल्याचे कळवणारे निवेदन. सेवा कोणाला मिळते, वेळ कशी घ्यायची, किती सत्रे विनामूल्य आहेत आणि तिथे बोललेले पुढे कोणाला कळते, एवढे तरी त्यात यावे लागते. वाचणारा बहुधा यांतली शेवटचीच गोष्ट आधी शोधतो, आणि बहुतेक सूचनांत नेमकी तीच एका वाक्यात उरकलेली असते.

‘सर्व माहिती पूर्णपणे गोपनीय राहील’ हे ते वाक्य. ते चांगल्या हेतूने लिहिलेले असते, पण खरे नसते. समोरच्याच्या किंवा इतर कोणाच्या जिवाला गंभीर आणि तातडीचा धोका दिसला, तर समुपदेशकाला गप्प राहता येत नाही. लहान मुलावर अत्याचार होत असल्याचे कळले, तर ते कळवणे अनेक देशांत कायद्याने बंधनकारक आहे. न्यायालयही नोंदी मागवू शकते. या मर्यादांवर सर्वाधिक चर्चा झाली ती टॅरासॉफ खटल्यामुळे. कॅलिफोर्नियातील एका विद्यापीठात उपचार घेणाऱ्या तरुणाने एका तरुणीला मारण्याचा विचार मानसशास्त्रज्ञाला बोलून दाखवला होता. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले, त्यांनी तरुणाला थोड्या वेळाने सोडून दिले. मुलीला मात्र कोणीच सावध केले नाही. १९६९ मध्ये तिचा खून झाला. ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्या रक्षणासाठी वाजवी पावले उचलणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दिला. पुढे इतर ठिकाणी नियम वेगवेगळे झाले, म्हणून सूचनेत आपल्या इथला नियम लिहावा लागतो.

अपवाद लिहिले तर लोक बिचकतील, अशी भीती संयोजकांना वाटते. खरे तर न लिहिल्यानेच जास्त बिचकतात. ‘जगण्यात अर्थ वाटत नाही’ एवढे म्हटले की लगेच घरी किंवा वरिष्ठांना फोन जाईल, असा अनेकांचा समज असतो आणि ते मूळ गोष्टच लपवतात. तसे होत नाही. असे विचार सांगणे आणि तातडीचा धोका असणे यांत फरक आहे. हा फरक समुपदेशक बोलून, विचारून ठरवतो आणि कोणाला कळवायची वेळ आलीच, तर शक्यतो आधी त्या व्यक्तीला सांगतो. हे सूचनेत दोन वाक्यांत मावते.

गोपनीयता फुटते ती बहुतेक वेळा समुपदेशकाकडून नव्हे, तर वाटेतल्या व्यवस्थेतून. समजा, एका विभागात सहाच जण आहेत. सेवा देणारी संस्था दर तिमाहीला विभागवार आकडे पाठवते: ‘लेखा विभाग: १ व्यक्ती, ५ सत्रे’. नाव कुठेच नाही. पण त्या विभागातली एक बाई दर बुधवारी दुपारी जागेवर नसते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एवढ्यावर ओळख पटते. म्हणून आकडे सबंध संस्थेचे एकत्र द्यावेत, आणि तेही संख्या फार लहान असेल तर देऊ नयेत. वेळ घेण्यासाठी वरिष्ठाची परवानगी लागू नये. वेळेची नोंद सर्वांना दिसणाऱ्या दिनदर्शिकेत पडू नये, बिलावर नाव नसावे. सूचनेत ‘मनुष्यबळ विभागाशी संपर्क साधा’ असे असेल, तर पुढे लिहिलेल्या गोपनीयतेवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ते रास्तच आहे.

वरिष्ठानेच एखाद्याला पाठवले असेल, तर प्रकरण वेगळे. तिथे संस्थेला काय कळेल ते आधी लेखी ठरवतात. सहसा संमतीने फक्त ‘आले होते’ एवढेच कळवले जाते, बोलण्यातला मजकूर नाही. हा मार्ग आणि स्वतःहून येण्याचा मार्ग सूचनेत वेगळे सांगितले नाहीत, तर समुपदेशन ही शिक्षा आहे असा अर्थ निघतो.

भाषेचाही प्रश्न आहे. ‘मानसिक समस्यांनी ग्रस्त कर्मचाऱ्यांनी लाभ घ्यावा’ असे लिहिले, की जो जाईल त्याने आपण ग्रस्त असल्याची कबुली दिली असे होते. त्याऐवजी ‘झोप नीट लागत नाही, घरात दीर्घ आजारपण आहे, जवळचे कोणी गेले आहे, कामात लक्ष लागत नाही किंवा कारण नीट सांगता येत नाही, तरी येऊ शकता’ असे लिहिता येते. यात निदान नाही आणि दाराशी कोणी पात्रता तपासत नाही. ‘घाबरू नका’, ‘लाजू नका’ हे शब्दही टाळलेले बरे. ते वाचून इथे लाजण्यासारखे काही असावे असेच वाटते.

ठरावीक वेळेत चालणारी ही सेवा आपत्कालीन मदत नसते. रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, तो क्रमांक याच सूचनेत, समुपदेशकाच्या वेळांशेजारी आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत असावा लागतो.