पार्श्वभूमी : बंदरावर मिळालेला कौल अख्ख्या गावाचा का ठरत नाही

‘७१ टक्के गावकऱ्यांना नवी जेट्टी हवी’ अशी बातमी वाचली की मी आधी एक गोष्ट शोधतो : ही माणसं कुठे गाठली आणि किती वाजता? किती जणांना विचारलं हे त्यानंतर. हा क्रम लोकांना उलटा वाटतो. तो असाच का, हे अमेरिकेतल्या १९३६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीनं दाखवून दिलं. उमेदवार होते रूझवेल्ट आणि लँडन.

‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं त्या वर्षी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून घेतले होते. २० लाखांहून जास्त उत्तरं परत आली. त्यांच्या आधारे साप्ताहिकानं सांगितलं की लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट जवळपास ६१ टक्के मतं घेऊन जिंकले. मतचाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५० हजार लोकांना विचारून विजेता बरोबर सांगितला होता.

मंदीच्या काळात फोन आणि मोटार श्रीमंतांकडेच होती, म्हणून अंदाज फसला, असं साधारणपणे सांगितलं जातं. पण ते अर्धंच कारण आहे. पुढच्या वर्षी गॅलपच्या पाहणीत लोकांना विचारलं गेलं की तुम्हाला ती मतपत्रिका आली होती का आणि तुम्ही ती परत पाठवली का. ज्यांना ती आली होती, त्यांच्यातही रूझवेल्टचेच मतदार जास्त निघाले. पत्रिका भरून परत पाठवण्याची तसदी मात्र लँडनच्या बाजूच्या लोकांनी अधिक घेतली होती. म्हणजे यादी सदोष होतीच, पण खरा घात केला तो गप्प राहिलेल्यांनी.

आता हेच आपल्या किनाऱ्यावर आणून पाहू. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. एका गावात ५ हजार प्रौढ आहेत. त्यातले २ हजार बंदराजवळ राहतात आणि ३ हजार वरच्या वाड्यांमध्ये. बंदराकडच्या ८० टक्के लोकांना जेट्टी हवी आहे, वाड्यांमधल्या ३५ टक्क्यांना. म्हणजे बंदरावरचे १,६०० आणि वाड्यांवरचे १,०५० मिळून २,६५० जण बाजूचे, अख्ख्या गावाचे ५३ टक्के.

पाहणी करणारा सकाळी मासळीच्या लिलावाच्या वेळी बंदरावर उभा राहिला आणि २०० जणांना विचारलं. त्यातले १६० बंदराकडचे, ४० वाड्यांमधले. हवी म्हणणारे १२८ अधिक १४, म्हणजे १४२. झाले ७१ टक्के. कोणी शंका घेतली म्हणून तो आणखी तीन सकाळी येऊन एकूण ८०० जणांना विचारतो, तरी आकडा ७१ च्या आसपासच राहतो. बदलते ती फक्त छापील त्रुटीमर्यादा : अधिक-उणे ६ टक्क्यांवरून ३ वर येते. ही मर्यादा फक्त योगायोगानं होणारी चूक मोजते, जागा निवडताना झालेली चूक तिच्या हिशेबात येतच नाही. म्हणून नमुना वाढवल्यावर चूक तेवढीच राहते आणि विश्वास मात्र दुप्पट होतो. लिटररी डायजेस्टचं नेमकं हेच झालं.

गॅलप यांच्या पद्धतीतही खोट होती. ठरावीक संख्येनं पुरुष, बायका, गरीब, श्रीमंत गाठायचे, पण कोणाला विचारायचं ते फिरणाऱ्या माणसाच्या मर्जीवर. १९४८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांनी ड्यूई जिंकणार असं सांगितलं आणि ट्रूमन जिंकले. शेवटच्या दिवसांत बदललेली मतं निसटली हेही त्यामागचं एक कारण होतं, पण त्यानंतर यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करण्याकडे ओढा वाढला.

कोकणात तेही सोपं नाही. मतदार यादीतून नावं काढली तर त्यातले कितीतरी चाकरमानी मुंबईत आणि घराला कुलूप. तेव्हा शेजारचं उघडं घर घेतलं की बाहेर कमावणारी माणसं नमुन्यातून अलगद गळतात. गणपतीत पाहणी केली तर तीच माणसं घरोघरी भेटतात, पण एरवी गावात कोण राहतं याचं चित्र बिघडतं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत खलाशी आपापल्या मुलखात गेलेले असतात. म्हणून ‘गाव’ म्हणजे नेमके कोण, राहणारे की यादीतले, हे आधी ठरवावं लागतं. बंद घरी वेगळ्या वेळी पुन्हा जावं लागतं, आणि किती जण भेटलेच नाहीत तेही छापावं लागतं.

एक पडताळणी वाचकालाही करता येते. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. तिथल्या पाहणीत बायका निम्म्याहून फारच कमी दिसल्या, तर नमुना नाक्यावर किंवा एसटी स्टँडवर गोळा झाला असावा अशी शंका घ्यायला जागा आहे. मात्र हे प्रमाण जुळलं म्हणून वाड्यांमधलं मत आलं असं होत नाही. आमच्या उदाहरणात बंदरावरच गाठलेल्यांत अर्ध्या बायका असत्या, तरी आकडा ७१ च्या जवळच राहिला असता.

त्या ८०० उत्तरांवरून प्रामाणिकपणे छापता येईल ते एवढंच : ‘चार सकाळी लिलावाच्या वेळी बंदरावर भेटलेल्यांपैकी ७१ टक्के जणांना जेट्टी हवी.’