फोन-मेनूच्या हिंदी सूचनांचे लेखन

ग्राहक सेवा क्रमांकावर फोन लावल्यावर ऐकू येणाऱ्या ‘एक दबाएँ, दो दबाएँ’ या ध्वनिमुद्रित सूचनांची हिंदी संहिता लिहिण्याचे काम. ऐकणाऱ्याला मागचे वाक्य पुन्हा डोळ्यांखालून घालता येत नाही, त्यामुळे कागदावर शुद्ध दिसणारी हिंदी इथे अनेकदा अडते.

वीज कंपनीच्या तक्रार क्रमांकाचे उदाहरण घेऊ. कार्यालयातून आलेला मसुदा साधारण असा असतो: ‘यदि आप विद्युत आपूर्ति में व्यवधान की शिकायत दर्ज कराना चाहते हैं, तो कृपया एक दबाएँ।’ अंधारात बसलेला माणूस ‘व्यवधान’ शब्दापाशीच थबकतो. त्याऐवजी ‘बिजली नहीं आ रही हो, तो एक दबाएँ। बिल की जानकारी के लिए दो दबाएँ।’ असे लिहितात. आधी काम आणि मग आकडा, हा क्रम पाळावाच. आकडा आधी सांगितला, तर काम कळेपर्यंत तो विसरतो. ‘चाहते हैं’ टाळण्यालाही कारण आहे: हे रूप पुल्लिंगी आहे आणि फोन करणारी बाई असू शकते. ‘के लिए’ वापरले की लिंगाचा प्रश्नच उरत नाही.

आदरासाठी ‘दबाएँ’ पुरते. ‘दबाओ’ उद्धट वाटते. ‘कृपया’ पहिल्या सूचनेत एकदा यावे. प्रत्येक ओळीत आले तर मेनू लांबतो आणि ऐकणारा वैतागतो. एका मेनूत चारपेक्षा जास्त पर्याय सहसा ठेवू नयेत, आणि नेहमी लागणारा पर्याय पहिला असावा. काहीच दाबले गेले नाही, तर दोष ग्राहकावर ढकलू नये. ‘आपने कोई बटन नहीं दबाया’पेक्षा ‘माफ़ कीजिए, हमें आपका उत्तर नहीं मिला’ हे बरे.

खरी कसोटी रकमांची. ‘आपका बिल’, ‘चार सौ सत्तर’, ‘रुपये है’ असे तुकडे वेगवेगळे मुद्रित करून यंत्रणा ते जोडते. हिंदीत शंभरपर्यंतचे आकडे नियमाने जोडून तयार होत नाहीत. उनसठ, उनहत्तर, उनासी हे प्रत्येकी स्वतंत्र मुद्रित करावे लागतात आणि फोनवर ते एकमेकांसारखे ऐकू येतात. म्हणून ग्राहक क्रमांक नेहमी एकेक अंक सुटा वाचून दाखवतात. रकमेनंतर मात्र ‘फिर से सुनने के लिए नौ दबाएँ’ हा पर्याय द्यावा. संहितेत आकडे अक्षरांत लिहावेत. नुसते ‘150’ दिसले तर निवेदक कधी ‘एक सौ पचास’ म्हणतो, कधी ‘डेढ़ सौ’.

मुद्रणाआधी मसुदा कागद न दाखवता दुसऱ्याला फोनवरच वाचून दाखवावा आणि त्याने कोणते बटण दाबले ते पाहावे. सेवा सुरू झाल्यावर यंत्रणेतील नोंदी बोलतात: एखाद्या मेनूवर नऊ किंवा थेट अधिकाऱ्यासाठीचे शून्य वारंवार दाबले जात असेल, तर सर्वात आधी त्या मेनूतील वाक्ये तपासावीत.