जुनं फर्निचर विकायचंय? टायटल असं लिहून पाठवा

आमच्याकडे जाहिरात टाकायला जे ग्राहक येतात त्यांचं टायटल बहुतेक वेळा असं असतं: "अर्जंट! छान कंडिशनमधलं कपाट विकणे आहे, फक्त गरजूंनीच फोन करा". मग दोन आठवड्यांनी विचारतात की फोनच कसे येत नाहीत. येणार कसे? घेणारा माणूस सर्चमध्ये "अर्जंट" टाइप करत नाही, "छान"ही नाही. तो टाकतो "प्लायवूड कपाट ४ फूट" आणि पुढे त्याच्या एरियाचं नाव.

म्हणून त्याच कपाटाचं आम्ही टायटल बदललं, ते असं झालं:

"कपाट ३ दरवाजी, प्लायवूड सनमायका, ४ फूट रुंद ७ फूट उंच, २०१९ चं, स्टेशन रोड"

वस्तूचं नाव सगळ्यात आधी, कारण मोबाइलवर लांब टायटल अर्धवट कापलं जातं, आणि पहिल्या पाच-सहा शब्दांत जे नाही ते यादीत दिसतच नाही असं धरून चला. कोणी कपाट म्हणतं कोणी वॉर्डरोब, तर टायटलमध्ये एक घ्या आणि दुसरा शब्द खाली वर्णनात टाका.

आता मटेरियल. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. वरून सागवानासारखं दिसतं म्हणून लोक बिनधास्त "सागवान" लिहितात, घेणारा टेम्पो घेऊन येतो, हात लावतो आणि परत जातो. त्यामुळे आधी स्वतः बघा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा किंवा बिजागरीचा एखादा स्क्रू काढून भोकात टॉर्च मारा, नाहीतर मागच्या बाजूची उघडी कड बघा. पातळ थर एकावर एक दिसले तर प्लायवूड. लाकडाचे बारीक तुकडे दाबून चिकटवल्यासारखे दिसले तर पार्टिकल बोर्ड. थर किंवा तुकडे काहीच दिसत नाहीत, जाड पुठ्ठ्यासारखं एकसंध दिसतंय तर एमडीएफ. आणि वरच्या रेषा कडेवरून वळून तशाच पुढे जात असतील तर बहुधा खरं लाकूड आहे, पण ते सागवान की शिसम हे सुताराला दाखवल्याशिवाय लिहू नका, नुसतं "सॉलिड लाकूड" लिहिलं तरी चालतं.

पार्टिकल बोर्ड असेल तर लपवू नका. ते खोलून परत जोडताना स्क्रू त्याच भोकात नीट पकडत नाहीत, आणि फरशी पुसून पुसून खालची कड फुगलेली असते, हे घेणाऱ्याला तिथे आल्यावर दिसणारच आहे. आधीच कळलं तर ज्याला चालतंय तोच येतो.

मापं टेपने घ्या, अंदाजाने नको. कपाटाला रुंदी आणि उंची टायटलमध्ये, खोली वर्णनात, आणि उंची वरच्या पट्टीसकट. उंची का, तर कपाट आडवं आत नेऊन मग उभं करावं लागतं, तेव्हा ते तिरकं असताना जास्त जागा खातं. ७ फूट उंच आणि २ फूट खोल कपाटाला उभं होताना जवळपास ७ फूट ४ इंच लागतात, म्हणजे वर माळा असेल तर अडकलंच. बेडचं मात्र वेगळं, तिथे लोक गादीचं माप शोधतात, म्हणून "क्वीन, गादी ७८ बाय ६० इंच" असं लिहा, बाहेरचं माप खाली द्या. दोन्हींची सरमिसळ केलीत तर कोणीतरी गादी घेऊन येईल आणि ती बसणार नाही.

वय "३ वर्षं जुनं" असं लिहू नका, घेतल्याचं वर्ष लिहा. जाहिरात चार महिने राहिली आणि मध्ये नवीन वर्ष लागलं तरी वर्ष खरंच राहतं. बिल सापडत नसेल तर "अंदाजे २०१८". पॉलिश परत केलं असेल तर ते वेगळं सांगा, त्याने वस्तू नवीन होत नाही.

राहिला एरिया. शहराचं नाव बहुतेक ठिकाणी फिल्टरमध्ये असतंच, टायटलमध्ये ती जागा वाया घालवू नका. रिक्षावाल्याला जे नाव सांगता ते लिहा. सोसायटी आणि फ्लॅट नंबर टायटलमध्ये अजिबात नको, ते फोनवर बोलणं झाल्यावर. जास्त लोकांना दिसावं म्हणून पाच एरियांची नावं घालणारेही आहेत, त्यांना फोन येतात पण लांबचे, आणि "एवढ्या लांब कोण येणार" म्हणून तिथेच संपतं. मजला किती आणि लिफ्टमध्ये वस्तू मावते का, हे वर्णनाच्या पहिल्या ओळीत टाका.

टायटल लिहून झालं की ड्रॉवर काढलेल्या कडेचा एक फोटो सोबत पाठवा, मटेरियल आम्ही बघून घेऊ.