‘आहेच’, ‘आहे’ आणि ‘स्यात् आहे’: अनेकान्त सहिष्णुतेचा पाया कसा झाला

जैनांचं पर्युषण संपलं की बडोद्यात मांडवीतल्या ओळखीच्या दुकानदारांकडून दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी घरांत ‘मिच्छामि दुक्कडम्’ ही क्षमायाचना येते. सोबत बहुतेक वेळा एक वाक्य असतं: प्रत्येकाचं आपापल्या जागी खरं असतं, हाच आमचा अनेकान्त. या वाक्यामागची माया खरी आहे. मात्र एकाच वस्तूला अनेक बाजू असतात असं सांगणारा जुन्या जैन ग्रंथांतला अनेकान्त इतका मऊ नाही. तो समोरच्याचं किती मान्य करायचं आणि कुठे अडवायचं, हे नेमकं सांगतो. मऊ अर्थ त्याला कधी चिकटला, हे बडोद्याच्या माणसाला माहीत असायला हवं, कारण त्या इतिहासातली काही पानं इथेच छापली गेली.

जैन आगमांमध्ये याचं बीज प्रश्नोत्तरांच्या रूपात सापडतं. जीव शाश्वत की अशाश्वत, असं विचारल्यावर भगवतीसूत्रातलं उत्तर दोन्ही बाजू घेतं: द्रव्य म्हणून पाहिलं तर शाश्वत, बदलत्या अवस्था पाहिल्या तर अशाश्वत. पुढची हजार-बाराशे वर्षं या उत्तराचं शास्त्र घडवण्यात गेली. ती मी इथे ओलांडून जातो, कारण ज्या शब्दावर सगळं अडतं तो गुजरातच्याच एका रचनेत सर्वांत स्वच्छ उकललेला आहे.

ही रचना बाराव्या शतकातली. कुमारपाळ राजाचे गुरू हेमचंद्राचार्य यांनी रचलेली, बत्तीस श्लोकांची जिनस्तुती. तिच्या अठ्ठाविसाव्या श्लोकात एकाच गोष्टीबद्दल बोलण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: ‘सदेव’, ‘सत्’ आणि ‘स्यात् सत्’. मराठी माणसाला हा श्लोक समजायला भाष्याची गरज फारशी पडत नाही, कारण आपल्याकडे ‘च’ आहे. ‘आहेच’ म्हणणारा बाकी सगळ्या बाजू नाकारतो, म्हणून त्याचं बोलणं दुर्नय. ‘आहे’ म्हणणारा आपली बाजू मांडतो आणि दुसऱ्या बाजूंबद्दल गप्प राहतो; हा नय. ‘स्यात् आहे’ म्हणणारा आपण कुठल्या बाजूने बोलतोय हे सांगून बोलतो, आणि तेच प्रमाण. दोष मताचा नसून दुसऱ्याला पुसून टाकणाऱ्या त्या एका अक्षराचा आहे.

गुंता आहे तो ‘स्यात्’चा. संस्कृत शिकलेला माणूस हे ‘अस्’ धातूचं विध्यर्थी रूप समजतो आणि अर्थ लावतो ‘असेल’, ‘कदाचित’. एकदा हा अर्थ धरला की स्याद्वाद, म्हणजे ‘स्यात्’ लावून बोलण्याची ही पद्धत, संशयवाद होतो. एकाच वस्तूत परस्परविरुद्ध धर्म राहू शकत नाहीत आणि असं डळमळीत ज्ञान संशयासारखंच अप्रमाण ठरतं, हा शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यातला आक्षेप याच वाटेने जातो. जैन टीकाकारांचं उत्तर असं की इथे ‘स्यात्’ हा निपात, म्हणजे रूप न बदलणारा शब्द आहे, क्रियापद नव्हे. त्याचा अर्थ ‘कथंचित्’, म्हणजे एका ठरावीक अपेक्षेने.

या बत्तीस श्लोकांवर शके 1214, म्हणजे इसवी सन 1292 मध्ये ‘स्याद्वादमंजरी’ ही टीका लिहिली गेली. तिने घड्याचं उदाहरण घेतलं आहे. घडा द्रव्याने मातीचा आहे, पाण्याचा नाही. क्षेत्राने पाटलिपुत्राचा आहे, कान्यकुब्जाचा नाही. काळाने शिशिरातला आहे, वसंतातला नाही. भावाने काळा आहे, लाल नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर आपण कुंभाराकडे माठ घ्यायला जातो तेव्हा हेच करतो. बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतो, माती कुठली विचारतो, यंदाचा की गेल्या वर्षीचा विचारतो, लाल हवा की काळा ते सांगतो. ‘हा माठ आहे’ एवढ्याने कुणाचं भागत नाही.

आणि बहुतेक लोक विसरतात ती गोष्ट अशी की सप्तभंगीच्या, म्हणजे ‘स्यात्’ लावून केलेल्या सात विधानांच्या, पहिल्या वाक्यात ‘च’ गळलेला नाही. ते वाक्य आहे ‘स्यात् अस्ति एव’. या अपेक्षेने आहेच. मातीचा म्हणून हा माठ आहेच, तिथे ‘असेल, नसेल’ असं काही नाही. म्हणजे ‘स्यात्’ खात्री काढून घेत नाही, खात्रीला कुंपण घालतो. ‘तुमचंही खरं, आमचंही खरं’ यात हे कुंपणच उरत नाही, म्हणून मला ते अनेकान्ताचं मराठी वाटत नाही.

याच स्तुतीत पुढे म्हटलं आहे की इतर मतं एकमेकांचा मत्सर करतात, जिनाचं शासन मात्र सगळे नय सारखे मानत असल्याने पक्षपाती नाही. पण रचनेचं नावच ‘अन्ययोगव्यवच्छेद’ आहे, आणि तिच्यात इतर दर्शनांचं खंडन चांगलंच धारदार आहे. अकरावा श्लोक तर वेदाने सांगितलेली असली तरी हिंसा धर्माचं कारण होऊ शकत नाही, असं सरळ बजावतो. यज्ञातल्या पशुवधाला ‘एका अपेक्षेने योग्य’ अशी सवलत तिथे नाही. वस्तूच्या स्वरूपाबद्दल अनेक बाजू ऐकायच्या, पण जीव घेण्याबद्दल नाही. अहिंसा ही अनेक मतांतली एक बाजू म्हणून मोजलेलीच नाही. सहिष्णुतेची हद्द इथे आखली जाते.

मग अनेकान्त म्हणजेच सहिष्णुता हे समीकरण आलं कधी? लिखित पुरावा विसाव्या शतकाकडे बोट दाखवतो. 1926 मध्ये गांधीजींनी लिहिलं की या सिद्धान्तानेच आपल्याला मुसलमानाकडे मुसलमानाच्या आणि ख्रिस्ती माणसाकडे त्याच्या दृष्टीने पाहायला शिकवलं. 1933 मध्ये ‘स्याद्वादमंजरी’ची नवी आवृत्ती निघाली. तिच्या इंग्रजी प्रस्तावनेत एका गुजराती संस्कृत पंडिताने स्याद्वादाला ‘बौद्धिक अहिंसा’ म्हटलं. पंडित स्वतः जैन नव्हते. शब्द इतका चपखल बसला की पुढच्या दोन पिढ्यांना तो महावीरांइतका जुना वाटू लागला. अलीकडच्या काही अभ्यासकांनी त्यावर बोट ठेवलं आहे: जुने आचार्य वादसभेत अनेकान्त वापरत ते प्रतिपक्षाला जिंकायला, त्याची गळाभेट घ्यायला नव्हे. 

अभ्यासकांचा आक्षेप मला मान्य आहे, पण तो वादसभेतच थांबतो. वाद संपल्यावर ग्रंथांचं काय झालं, हे पाहायला पाटणला जावं लागतं. पाटण तेव्हा गायकवाडी मुलखात होतं. सयाजीरावांच्या काळात तिथल्या जैन भांडारांची पाहणी झाली, आणि 1916 पासून बडोद्याची प्राच्य ग्रंथमाला निघू लागली. 1940 मध्ये तिच्यात ‘तत्त्वोपप्लवसिंह’ छापला गेला. कुठलंच प्रमाण टिकत नाही असं म्हणणारा, जैनांनाही न सोडणारा हा ग्रंथ एकुलत्या एका ताडपत्री पोथीत उरला होता, आणि ती पोथी पाटणच्या जैन भांडारात होती.

त्याआधी, 1926 मध्येच, याच मालेत बौद्धांचा ‘तत्त्वसंग्रह’ दोन खंडांत आला. भारतातून बौद्ध विहार गेले, मठांची ग्रंथालयं गेली, आणि हा ग्रंथ तिबेटी भाषांतरावरून माहीत होता. त्याचं मूळ संस्कृत जैनांनी सांभाळलं. खंडन करायचं तर प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत हाताशी हवं, हे कारण त्यामागे असणारच. तरी कुणीतरी ती पोथी शतकानुशतकं कापडात बांधून ठेवली, दमटपणा आणि वाळवीपासून जपली. त्या ‘तत्त्वसंग्रहा’त ‘स्याद्वादपरीक्षा’ नावाचं एक प्रकरण आहे. त्यात जैनांचा स्याद्वाद खोडून काढला आहे, आणि ते प्रकरणही जैन भांडारात बाकीच्या पानांसारखंच शाबूत राहिलं.