तारीख पुढे की अलीकडे? प्रीपोन, नीडफुल आणि रिव्हर्टची पूर्वपीठिका

पावसच्या एका बागायतदाराची इंग्रजी पत्रं मी लिहून देतो. तीनेक वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये बाहेरच्या एका खरेदीदाराचा निरोप आला, की 24 तारखेचा पिकअप दोन दिवस ‘ब्रॉट फॉरवर्ड’ केला आहे. मी वाचून सांगितलं, "दोन दिवस पुढे गेला, आता 26." त्या हिशेबाने काढणीच्या गड्यांनाही निरोप गेला. 22 ला सकाळी गाडी गेटावर उभी, आणि हापूस अजून झाडावर. झेले घेऊन सगळे धावले, पण त्या दिवशी निम्म्या पेट्याही भरल्या नाहीत. उरलेला माल वाशीला गेला आणि पडेल त्या दराने विकावा लागला.

चूक माझीच. पण ती माझ्या इंग्रजीत कमी आणि मराठीत जास्त होती. आपल्याकडे ‘पुढे’ म्हणजे नंतर. लग्न पुढे ढकललं, सभा पुढे गेली. इंग्रजीतलं ‘ब्रिंग फॉरवर्ड’ मात्र तारीख अलीकडे आणतं. ‘फॉरवर्ड’चं मराठी ‘पुढे’ करून वाचलं की अर्थ बरोबर उलटा होतो. ‘प्रीपोन’ लिहिलं असतं तर ही वेळच आली नसती. या शब्दाला चुकीचं इंग्रजी म्हणून हसणाऱ्यांना मी आधी हेच सांगतो.

प्रीपोन हा पोस्टपोनचा जोडीदार. लॅटिनमध्ये ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. नंतर ठेवणं चालतं तर ‘प्री’ लावून आधी ठेवणं का चालू नये? घडण अगदी व्याकरणशुद्ध आहे. गंमत म्हणजे हा शब्द आपल्याकडच्या कुणी कारकुनाने पहिल्यांदा जन्माला घातला असंही नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात त्याची सोळाव्या शतकातली नोंद आहे, पण ‘एखादी गोष्ट दुसरीच्या आधी मांडणे’ या अर्थाने, आणि तो अर्थ पुढे मागे पडला. तारीख अलीकडे आणणे या अर्थाने तो 1913 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला आलेल्या एका पत्रात दिसतो. पत्रलेखकाने म्हटलं होतं, की मुख्यतः वकिलांच्या सोयीसाठी मी हा शब्द सुचवतो. अमेरिकेत तो रुजला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो भारतात रुळला, आणि ज्यांनी रुळवला त्यांच्यापैकी कुणी ते पत्र वाचलं असेल असं मला वाटत नाही. पोस्टपोन पाठ असलेल्या कुणालाही तो आपोआप सुचावा इतका सरळ आहे.

औपचारिक लेखनात चालतो का? भारतात चालतो. परीक्षेचं वेळापत्रक, वर्तमानपत्रातली बातमी, कोर्टाची तारीख, सगळीकडे तो निर्धास्त वापरला जातो. कोशांनीही ‘भारतीय इंग्रजी’ असा शिक्का मारून त्याला आत घेतलं आहे. लंडनच्या माणसाला मात्र तो थबकवतो. त्याला पत्र लिहिताना मी आता ना प्रीपोन लिहीत, ना फॉरवर्ड. दोन्ही तारखा आणि वार लिहितो: पिकअप बुधवार 24 एप्रिलऐवजी सोमवार 22 एप्रिलला. यात पुढे-अलीकडेचा प्रश्नच उरत नाही.

‘डू द नीडफुल’ची कुळकथा निराळी आहे. प्रीपोनला निदान आपण वाढवलं, हे तर अस्सल इंग्रजांचं. अठराव्या शतकातल्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या आणि कचेऱ्यांच्या पत्रांत ते सर्रास होतं. त्याच शतकात, 1756 मध्ये, पेशव्यांनी सावित्रीच्या मुखावरचं बाणकोट कंपनीला दिलं. इंग्रजांनी किल्ल्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. म्हणजे त्या घडीची कचेरीची इंग्रजी आपल्या किनाऱ्यावर पेशवाई बुडण्याच्या साठ वर्षं आधीच उतरली होती. पुढे ब्रिटनमध्ये हा प्रयोग जुनाट वाटू लागला आणि विसाव्या शतकात जवळजवळ सुटला. आपल्याकडे सुटला नाही, कारण आपली कचेरी मसुदा नव्याने लिहीत नाही, मागची फाईल उघडून उतरवते. राज्यकर्ते गेले, मसुदा राहिला.

1964 च्या राजभाषा अधिनियमानंतर कारभार मराठीत आला, तरी नीडफुल गेलं नाही, फक्त धोतर नेसलं. "योग्य ती कार्यवाही करावी" हे तेच. जुन्या मराठी कागदांतली "जरूर ती तजवीज करावी" आठवली, तर हा कल आपल्यातही आधीपासून होता असं म्हणावं लागेल.

व्याकरणाने ‘डू द नीडफुल’ बिनचूक आहे. त्याला चूक म्हणणाऱ्याने नियम दाखवावा. त्याचं दुखणं वेगळं आहे: काय करायचं, कुणी आणि कधीपर्यंत, यातलं काहीच ते सांगत नाही. एकाच कचेरीत, जिथे पुढची पायरी दोघांनाही पाठ आहे, तिथे ते खपून जातं. बाहेर जाणाऱ्या पत्रात त्याच्या जागी ते ‘नीडफुल’ काय आहे तेच लिहावं. आमच्या पत्रात पूर्वी एवढंच असायचं, की माल तयार आहे, कृपया नीडफुल करावं. आता असं असतं: 180 पेट्या तयार आहेत, गाडीचा नंबर आणि चालकाचा फोन 20 तारखेच्या संध्याकाळपर्यंत कळवावा. पत्र एका ओळीने वाढतं, फोन चार वाचतात.

रिव्हर्टला मात्र मी जपून असतो. ‘उत्तर देणे’ हा त्याचा आपल्याकडचा अर्थ कोशांत आला आहे. आपल्या ‘उलट टपाली कळवावे’ची सवय असलेल्याला तो सहज पटतो. ‘रिव्हर्ट बॅक’ मधला ‘बॅक’ तर ‘परत माघारी’सारखा फुकटचा आहे, तो कुठेच लिहू नये. पण खरी अडचण अशी, की या शब्दाचा मूळ अर्थ, म्हणजे पूर्वस्थितीला परतणे, आपल्याच सरकारी कागदांत जिवंत आहे. तात्पुरत्या वरच्या पदावरून मूळ पदावर पाठवणं म्हणजे रिव्हर्शन. पुरुषोत्तमलाल धिंग्रा या रेल्वे कर्मचाऱ्याला असंच मूळ पदावर पाठवलं, आणि ही पदावनतीची शिक्षा ठरते का हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1957 च्या निकालात न्यायालयाने ती शिक्षा मानली नाही, कारण वरच्या पदावर त्यांचा हक्क निर्माण झाला नव्हता. ज्या शब्दावर माणसाची नोकरी वर-खाली होते, तोच आपण पोच मागायला वापरतो.

व्यापारातही हे अंगाशी येऊ शकतं. या हंगामात दर वाढवल्यावर बागायतदाराच्या मुलाने मसुद्यात लिहिलं होतं, "प्लीज रिव्हर्ट ऑन द रेट." मी म्हटलं, "अरे, समोरचा याचा अर्थ जुन्या दरावर या असा घेईल."

तो म्हणाला, "काका, सगळे असंच लिहितात."

"सगळे मुंबईला लिहितात. हे लंडनला चाललंय."

त्याने ‘रिप्लाय’ केलं आणि पुढे तारीख घातली, वारासकट.