राजकोषीय धोरण : मौद्रिक धोरणाशी भेद व उद्योगांवरील परिणाम

सरकारने कर, खर्च आणि कर्जउभारणी यांच्याद्वारे अर्थव्यवस्थेतील मागणीवर व उत्पादनावर प्रभाव टाकणे म्हणजे राजकोषीय धोरण. व्याजदर, बँकांची रोखता आणि पैशाचा पुरवठा यांच्याद्वारे मध्यवर्ती बँक जे करते ते मौद्रिक धोरण. व्याख्या पाठ असूनही प्रश्नात गोंधळ होतो, कारण ‘व्याजदर’ हा शब्द दिसला की विद्यार्थी डोळे झाकून मौद्रिक धोरण असे उत्तर लिहितात. व्याजदर मात्र दोन्हींकडून हलतो. निर्णय कोणी घेतला आणि कोणत्या साधनाने घेतला, हे आधी पाहावे. परिणाम कुठे दिसला ते नंतर.

दोन्ही धोरणे उद्योगाच्या ताळेबंदात नव्हे, तर नफा-तोटा पत्रकात वेगवेगळ्या ओळींवर उतरतात. समजा, एका कंपनीचा व्याज व कर वजा करण्यापूर्वीचा नफा 100 आहे, कर्ज 400 आहे आणि त्यावर 10 टक्के व्याज आहे. व्याजाचे 40 गेले, करपात्र नफा 60 उरला, 30 टक्के दराने 18 कर गेला. हाती राहिले 42. सरकारने कर 25 टक्क्यांवर आणला तर कर 15 होतो आणि निव्वळ नफा 45. त्याऐवजी मध्यवर्ती बँकेच्या दरकपातीमुळे कर्ज 8 टक्क्यांवर आले, तर व्याज 32, करपात्र नफा 68, कर 20.4 आणि निव्वळ नफा 47.6 होतो.

आता तूट आणू. करकपातीने सरकारचे उत्पन्न घटले, खर्च तेवढाच राहिला, म्हणून सरकार बाजारातून जास्त कर्ज उचलू लागले. बचतीचा साठा तोच आणि मागणारे वाढले, की व्याज चढते. या कंपनीचे व्याज 11 टक्के झाले तर 44 व्याजात जातात, उरलेल्या 56 वर 25 टक्क्यांनी 14 कर, आणि हाती पुन्हा 42. करकपात पूर्ण खाल्ली गेली. सरकारी कर्जामुळे खासगी गुंतवणूक अशी बाजूला ढकलली जाते. व्याज वाढले असले तरी मूळ कारण राजकोषीयच आहे. कर्जमुक्त कंपनीला मात्र याची झळ लागत नाही. तिचा निव्वळ नफा 70 वरून सरळ 75 होतो. तोट्यातल्या कंपनीला करदर कमी झाल्याने त्या वर्षी काहीच मिळत नाही, कारण कर भरायचाच नसतो. तिला दिलासा मिळतो तो व्याजकपातीने. ‘करकपात उद्योगांना लाभदायक’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे.

ही बाजू ढकलण्याची क्रिया नेहमीच होत नाही. मंदीत यंत्रे बंद पडून आहेत, बँकांकडे पैसा पडून आहे पण कर्ज घ्यायला कोणी नाही, अशा वेळी सरकारने कर्ज काढून खर्च केला तर व्याज फारसे न चढता उद्योगांच्या मालाला मागणी येते. मोठ्या तुटीमुळे व्याज चढण्याची शक्यता अधिक असते ती अर्थव्यवस्था पूर्ण क्षमतेजवळ चालत असताना, किंवा सरकारच्या परतफेडीबद्दल रोखेधारक साशंक झाल्यावर.

ब्रिटनमध्ये 2022 च्या सप्टेंबरात दोन्ही धोरणे विरुद्ध दिशेने ओढू लागली. महागाई रोखण्यासाठी बँक ऑफ इंग्लंडने 22 तारखेला दर वाढवून 2.25 टक्के केला. दुसऱ्याच दिवशी सरकारने मोठी करकपात जाहीर केली. त्यात कंपनी कर 19 वरून 25 टक्के करण्याचा आधीचा निर्णय रद्द करणेही होते. तेवढे पैसे आणायचे कुठून, याचे उत्तर न दिल्याने सरकारी रोख्यांचे भाव कोसळले. भाव पडला की रोख्यावरचा परतावा वाढतो, आणि त्याच परताव्यावर इतर दीर्घ मुदतीच्या कर्जांचे दर बेतलेले असतात. 28 सप्टेंबरला बँकेला दीर्घ मुदतीचे रोखे विकत घ्यायला उतरावे लागले. हे मौद्रिक धोरण नाही, वित्तीय स्थैर्यासाठीची तात्पुरती खरेदी आहे, असे बँकेने स्पष्ट केले. साधन मध्यवर्ती बँकेचे असूनही उद्देश वेगळा असू शकतो, याचे हे चांगले उदाहरण. 14 ऑक्टोबरला सरकारने कंपनी करवाढ पुन्हा लागू करण्याचे जाहीर केले.

तुटीचा आकडा वाचतानाही एक चूक सर्रास होते. तूट वाढली म्हणजे सरकारने सढळ धोरण स्वीकारले, असा निष्कर्ष काढला जातो. पण मंदीत नफा घटला की करवसुली आपोआप घटते आणि बेकारभत्त्यांसारखा खर्च आपोआप वाढतो. एकही नियम न बदलता तूट फुगते. यांना स्वयंचलित स्थिरके म्हणतात. धोरण खरेच बदलले का, हे ठरवायला अर्थव्यवस्था पूर्ण क्षमतेवर असती तर तूट किती राहिली असती, तो रचनात्मक तुटीचा अंदाज पाहतात. तो आकडा स्थिर असेल आणि प्रत्यक्ष तूट वाढलेली असेल, तर वाढीचे कारण मंदी आहे, अर्थसंकल्प नाही. मात्र पूर्ण क्षमता किती, हा स्वतःच अंदाज असतो आणि तो पुढे बदलत राहतो.